स्किन डेप्थचं सूत्र गाउसियनमध्ये नेताना c कुठे हरवला?

ऋतुगंध

नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिते आहे. त्यातलं सगळं सेंटीमीटर, ग्रॅम, सेकंदात आहे, गाउसियन पद्धतीनं. त्यात धातूची स्किन डेप्थ लागते, म्हणजे बदलतं चुंबकीय क्षेत्र धातूच्या आत किती खोल शिरतं ते अंतर. मला पाठ असलेलं एसआयमधलं सूत्र असं:

δ = √(2/(μ₀σω))

वर्गातल्या जुन्या टिपणात "सीजीएसमध्ये μ₀ च्या जागी 4π घ्या" असं लिहून ठेवलं होतं. ते घेतल्यावर δ = 1/√(2πσω) आलं. ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात अगदी हेच सूत्र छापलेलं सापडलं, म्हणून निर्धास्त झाले.

मग तांब्याची किंमत घातली. वाहकता एसआयमध्ये σ = 5.96×10⁷ S/m, तिची गाउसियन किंमत 5.36×10¹⁷ प्रति सेकंद. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. उत्तर आलं 3.075×10⁻¹¹. हे सेंटीमीटर मानले तर अणूच्या आकारापेक्षाही शेकडो पटींनी लहान! एसआयच्या सूत्रानं तेच उत्तर ९.२ मिलिमीटर येतं आणि ते बरोबर आहे हे माहीत आहे.

दोन दिवस आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासली, गुणाकारात चूक नाही. पुस्तकात सूत्र चुकीचं छापलंय का?

पाऊलवाट

एवढं अवघड करायची गरज नाही. एसआयमधून सीजीएसमध्ये जायचं म्हणजे मीटरचे सेंटीमीटर आणि किलोचे ग्रॅम करायचे. ९.२ मिलिमीटर म्हणजे ०.९२ सेंटीमीटर, झालं. सूत्र बदलायचं कशाला? ½mv² दोन्हीकडे ½mv²च राहतं. मी कारखान्यात वीस वर्षं दाब आणि टॉर्कची एककं अशीच बदलत आलोय, कधी अडलं नाही. तुम्ही वाहकतेचा आकडा बदललात आणि सूत्रही बदललंत, म्हणजे एकच काम दोनदा झालं असं वाटतं.

ऋतुगंध

दादा, उत्तराचं रूपांतर मलाही येतं. पण प्रोग्रामच्या आत σ गाउसियनमध्येच येते, त्यामुळे सूत्रही त्याच पद्धतीचं हवं. आणि यांत्रिकीत सूत्र बदलत नाही, विद्युतचुंबकत्वात बदलतं, एवढं मला माहीत आहे. कसं बदलतं तिथेच अडलेय.

तडित्

टिपणातच चूक आहे. सीजीएसमध्ये μ₀ = 1 असतो, 4π नाही. ε₀ सुद्धा 1. म्हणून तर लोक ही पद्धत वापरतात, स्थिरांक निघून जातात. सूत्र δ = √(2/(σω)) असं हवं. हे आमच्याकडे परीक्षेलाही विचारलं होतं.

ऋतुगंध

त्यानं 1.09×10⁻¹⁰ येतं. फरक साडेतीन पटींचा. अजूनही अणूहून लहानच.

जुना_मास्तर

ऋतुगंध, आकडेमोड क्षणभर बाजूला ठेवा. तुम्ही 3.075×10⁻¹¹ च्या पुढे "सेंटीमीटर" लिहिलंत ते कशाच्या आधारावर? सूत्राच्या डावीकडे δ आहे, म्हणून उजवीकडून लांबीच येणार असं गृहीत धरलंत. तेच तपासायचं होतं.

गाउसियनमध्ये चार्जला वेगळं मूळ एकक नाही. तो कूलोमच्या नियमातून येतो आणि त्या नियमात एकही स्थिरांक नसतो: F = q²/r². बल म्हणजे g·cm/s². त्याला cm² नं गुणलं की q² मिळतो, म्हणजे g·cm³/s². त्याचं वर्गमूळ काढलं की q च्या मितीत ग्रॅमचा अर्धा घात आणि सेंटीमीटरचा दीड घात येतो. हे अर्धे घात पाहून विद्यार्थी बिचकतात, पण वहीत मांडत गेलं तर ते पुढे आपोआप कटतात.

आता σ बघा. ती J भागिले E आहे. E म्हणजे q/r². J म्हणजे एकक क्षेत्रफळातून दर सेकंदाला जाणारा चार्ज, म्हणजे q/(r²·t). भागाकार केला की q जातो, r² जातो, उरतो फक्त 1/t. गाउसियनमध्ये वाहकतेची मिती निव्वळ प्रति सेकंद आहे. तुम्ही स्वतःच "5.36×10¹⁷ प्रति सेकंद" लिहिलंय, फक्त तो शब्द पुढे सूत्रात नेला नाहीत.

ω सुद्धा प्रति सेकंद. म्हणजे σω हे 1/s², त्याचं वर्गमूळ 1/s, आणि त्याचा व्यस्त म्हणजे सेकंद. तुमचं उत्तर 3.075×10⁻¹¹ सेकंद आहे. ती लांबी नाहीच.

आता तेवढ्या सेकंदात प्रकाश किती जातो ते काढा. c = 2.998×10¹⁰ cm/s.

ऋतुगंध

०.९२२ सेंटीमीटर! म्हणजे ९.२२ मिलिमीटर. सर, हे तर नेमकं एसआयचं उत्तर आहे. म्हणजे सूत्र δ = c/√(2πσω) असं हवं होतं?

जुना_मास्तर

हो. पण "मिती जुळत नव्हती, म्हणून c नं गुणलं" एवढ्यावर थांबू नका. ते दुरुस्तीपुरतं ठीक आहे. c कुठून आला ते कळलं नाही तर पुढच्या सूत्रात पुन्हा ठेच लागेल.

एसआयमध्ये μ₀ε₀ = 1/c² असतं. रूपांतर काहीही करा, हे नातं तुटता कामा नये, नाहीतर प्रकाशाचा वेगच बदलला म्हणायचा. कूलोमच्या नियमातला 1/(4πε₀) जाऊन 1 यायला हवा, म्हणून ε₀ च्या जागी 1/(4π) बसतो. मग μ₀ च्या जागी काय बसेल त्यात आपल्याला निवड राहत नाही, 4π/c² च बसलं पाहिजे. तुमच्या टिपणातला खालचा c² लिहायचा राहून गेलाय. त्याचं वर्गमूळ घेतलं की एक c वर येतो, तोच हा.

अजून एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. सूत्रात B असेल तर त्याच्या जागी B/c घ्यावा लागतो. स्किन डेप्थमध्ये B नाही, म्हणून इथे त्याची गरज पडली नाही.

पाऊलवाट

मास्तर, माझा प्रश्न राहिलाच. 5.96×10⁷ चे 5.36×10¹⁷ कसे झाले? मीटरचे सेंटीमीटर केल्यानं शंभराचे पट पडतील, इथे तर जवळजवळ नऊ अब्जांचा पट आहे आणि तो शंभराच्या घातांत बसत नाही.

जुना_मास्तर

पाऊलवाट, तुमच्या पहिल्या प्रतिसादातली अडचण नेमकी इथेच आहे. दाब आणि टॉर्क दोन्ही पद्धतींत वस्तुमान, लांबी, वेळ यांचेच बनलेले असतात, म्हणून दहाच्या घातांवर काम भागतं. एसआयमध्ये अँपिअर हे चौथं मूळ एकक आहे, गाउसियनमध्ये ते नाहीच. म्हणून इथे राशीची व्याख्याच बदलते, नुसतं माप बदलत नाही.

त्या पटाकडे असं बघा. एसआयमध्येच σ ला ε₀ नं भागा. सीमेन्स प्रति मीटर भागिले फॅरड प्रति मीटर, उरतं प्रति सेकंद. म्हणजे σ/ε₀ हा एसआयमध्येसुद्धा एक दर आहे. गाउसियन σ म्हणजे σ/(4πε₀), आणि 1/(4πε₀) चा आकडा 8.98755×10⁹ आहे. तुमचे नऊ अब्ज तिथून आले.

पाऊलवाट

हे पटलं. म्हणजे "तीच वाहकता वेगळ्या एककात" असं म्हणणं चूक, ती वेगळीच राशी आहे. वीस वर्षांत विद्युतक्षेत्राशी कधी संबंध आला नाही म्हणून हे लक्षातच आलं नव्हतं.

तडित्

पण सीजीएसमध्ये μ₀ = 1 हे मी पुस्तकात वाचलंय, मनानं सांगत नाहीये. ते खोटं कसं?

जुना_मास्तर

खोटं नाही. B = μH या समीकरणात निर्वातासाठी μ = 1 असतो, ते तुम्ही वाचलंय. पण तिथे 4π आणि c गेलेले नसतात, ते मॅक्सवेलच्या समीकरणांत जाऊन बसलेले असतात: curl H च्या बाजूला 4πJ/c येतं. एसआयच्या तयार सूत्रातला μ₀ पुसून तिथे 1 लिहिला, तर 4π आणि c कुठूनच परत येणार नाहीत. म्हणून तुमच्या सूत्रात दोन चुका होत्या. c नसल्याची चूक मिती तपासून सापडते. 4π नसल्याची सापडत नाही, कारण 4π ला मितीच नाही.

सौरवात

या शेवटच्या वाक्यावर माझा अनुभव सांगतो, कारण याच 4π मुळे माझे तीन आठवडे गेले.

सौरवाऱ्याच्या प्लाझ्मासाठी आल्फवेन वेग, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनं प्लाझ्मातून जाणाऱ्या लाटांचा वेग, काढत होतो. एसआयमध्ये v = B/√(μ₀ρ). घाईत μ₀ पुसून v = B/√ρ लिहिलं. मिती तपासली: B² ची मिती g/(cm·s²), ρ म्हणजे g/cm³, भागाकार cm²/s², वर्गमूळ cm/s. अगदी बरोबर वेग! वहीत त्या ओळीपुढे खूण करून पुढे गेलो.

पृथ्वीजवळचे नेहमीचे आकडे घातले: B = 5×10⁻⁵ गाउस, दर घन सेंटीमीटरला ५ प्रोटॉन, म्हणजे ρ = 8.36×10⁻²⁴ g/cm³. उत्तर १७३ किलोमीटर प्रति सेकंद. खरं उत्तर ४९ च्या आसपास हवं. पण १७३ सुद्धा अशक्य वाटत नाही हो! ऋतुगंधचं उत्तर अणूहून लहान आलं म्हणून त्या थांबल्या. माझं उत्तर शहाण्यासारखं दिसत होतं, म्हणून मी थांबलो नाही. त्यावर बेतलेले आलेख मार्गदर्शकांना दाखवले, तेव्हा त्यांनी बघताक्षणीच विचारलं, "लाटा एवढ्या घाईत का आहेत?"

१७३ भागिले ४८.८ म्हणजे ३.५४. तोच √(4π). बरोबर सूत्र B/√(4πρ).

शिवाय काही प्रोग्राममध्ये B आत घेतानाच √(4π) नं भागून घेतात, आणि मग B/√ρ हेच त्यांचं बरोबर सूत्र असतं. आपण बाहेरून पुन्हा 4π लावला तर उलट्या बाजूनं चूक होते.

निकष

म्हणून माझं स्पष्ट मत: सगळी गणितं एसआयमध्येच करावीत आणि शेवटी उत्तराचा आकडा बदलावा. अर्धे घात वगैरे सोडा, गाउसियनमध्ये मितीची तपासणीच दुबळी पडते. E आणि B यांची मिती तिथे एकच. लिहिताना B च्या जागी E पडला तरी मिती गुपचूप जुळेल. एसआयमध्ये E भागिले B म्हणजे मीटर प्रति सेकंद, त्यामुळे तीच चूक लगेच उघडी पडते. चार मूळ एककं असली की तपासायच्या जागा चार, तीन असली की तीन.

जुना_मास्तर

निकष यांचं निरीक्षण खरं आहे. त्यांच्या बाजूनं याहून टोकदार उदाहरण मीच देतो.

चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या कणाच्या वर्तुळाची त्रिज्या एसआयमध्ये mv/(qB). B च्या जागी B/c घेतला की गाउसियनमध्ये mvc/(qB). आता समजा कुणाला एवढंच आठवलं की वर अजून एक वेग हवा, आणि त्यानं mv²/(qB) लिहिलं. qB ची मिती बल, mv² ची ऊर्जा, ऊर्जा भागिले बल म्हणजे लांबी. मिती जुळली! v आणि c दोन्ही वेगच, त्यांच्यात फरक करायला मितीकडे काही साधन नाही.

सौरवात यांच्याच क्षेत्रात ४०० किलोमीटर प्रति सेकंद वेगाचा प्रोटॉन सोडा. बरोबर सूत्रानं त्रिज्या ८३५ किलोमीटर येते, चुकीच्या सूत्रानं फक्त १.१ किलोमीटर. म्हणून मिती जुळवायला हातानं c घुसवणं हे, सूत्रात दुसरा कुठलाही वेग नसेल तेव्हाच भरवशाचं. स्किन डेप्थमध्ये c शिवाय दुसरा वेग नव्हता, तिथे आपलं भागलं.

पण "सगळं एसआयमध्येच करा" याला मात्र माझा होकार नाही. प्लाझ्मा आणि खगोलभौतिकीतले कितीतरी लेख गाउसियनमध्येच लिहिलेले असतात, ते वाचताना आणि पडताळताना हे रूपांतर यावंच लागतं.

निकष

वाचायला यावं, मान्य. लिहायला आणि प्रोग्राम करायला एसआयच. यावर मी ठाम आहे.

ऋतुगंध

मग मितीतून सुटणारी 4π ची चूक पकडायची कशी? प्रत्येक वेळी कुणी अनुभवी माणूस बघेलच असं नाही.

जुना_मास्तर

एकच उदाहरण दोन्ही पद्धतींनी, शेवटच्या आकड्यापर्यंत सोडवायचं. आणि उत्तरं जुळली नाहीत तर त्यांचं गुणोत्तर काढायचं. इथे वजाबाकी काही सांगत नाही, गुणोत्तर सांगतं. ३.५४ आलं तर √(4π) सुटलाय. १२.५७ आलं तर अख्खा 4π. २.५१ म्हणजे √(2π), तेव्हा बहुतेक वेळा ω च्या जागी नुसती फ्रिक्वेन्सी पडलेली असते. आणि 3×10¹⁰ सारखा राक्षसी आकडा आला तर c, पण ती चूक मितीनंच आधी सापडायला हवी होती.

तुमच्या प्रोग्रामजवळ एवढं ठेवा:

```python
from math import pi, sqrt
c = 2.99792458e10
s_si, w = 5.96e7, 2*pi*50
s_g = s_si * 8.98755e9
si = 100 * sqrt(2 / (4e-7*pi*s_si*w))
ga = c / sqrt(2*pi*s_g*w)
print(si, ga, ga/si)
```

पहिले दोन आकडे ०.९२२ च्या आसपास यायला हवेत, तिसरा १ च्या अगदी जवळ. आता `ga` च्या ओळीतला `2*pi*` मुद्दाम खोडून पुन्हा चालवा आणि तिसरा आकडा काय येतो ते बघा.

ऋतुगंध

२.५०६ आला! चूक आपणच करून तिचा आकडा ओळखायचा, ही पद्धत फार आवडली. आता आल्फवेन वेगासाठीही असंच करून बघते.

पाऊलवाट

एक शंका. μ₀ आता नेमका 4π×10⁻⁷ राहिलेला नाही असं वाचलं होतं. त्यानं काही फरक पडेल?

निकष

२०१९ मध्ये एसआयची नवी व्याख्या आली तेव्हापासून तो मोजून ठरवायचा स्थिरांक झालाय. पण फरक अब्जात एकापेक्षाही कमी आहे. तांब्याची वाहकता तापमानानुसार याच्या कितीतरी पट हलते. तत्त्व म्हणून लक्षात ठेवा, या गणितात दिसणार नाही.

ऋतुगंध

सर, एक गोष्ट मात्र अजून खुपते आहे. ते जुनं पुस्तक. त्यात δ = 1/√(2πσω) असं स्वच्छ छापलंय, c नाहीच. आणि त्याखाली तांब्यासाठी काढलेलं उत्तर बरोबर दिलंय! सूत्र चुकीचं असेल तर उत्तर बरोबर कसं येईल?

जुना_मास्तर

हा चांगला प्रश्न आहे, आणि पुस्तकाला चूक ठरवण्याआधी तो विचारलात हे बरं केलंत. "सीजीएस" ही एकच पद्धत नाही. पुस्तकाच्या शेवटी कोष्टकं असतील, त्यात तांब्याचा विशिष्ट रोध बघा. एककाचं नाव नसलं तरी चालेल, आकडाच सांगेल. 1.9×10⁻¹⁸ च्या आसपास असेल तर ते सेकंद आहेत, म्हणजे गाउसियन. 1.7×10⁻⁶ असेल तर ओहम-सेंटीमीटर. आणि हजारांत असेल तर मला सांगा.

ऋतुगंध

आत्ता ग्रंथालयातूनच लिहितेय. १७०० च्या थोडं खाली आहे, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात e.m.u. लिहिलंय.

जुना_मास्तर

मग पुस्तक निर्दोष आहे. ती विद्युतचुंबकीय सीजीएस पद्धत. तिथे चार्जची व्याख्या कूलोमच्या नियमातून येत नाही. दोन समांतर तारांमधल्या बलापासून सुरुवात होते आणि विद्युतप्रवाह आधी ठरतो. दर सेंटीमीटर लांबीवरचं बल 2I²/r, म्हणजे I² ची मितीच बलाची मिती. या वाटेनं गेलं की σ ची मिती s/cm² येते. तिला ω नं गुणा, 1/cm² मिळतं. वर्गमूळाचा व्यस्त घ्या, सेंटीमीटर. c ची गरजच नाही.

तुमच्या तांब्यासाठी सीमेन्स प्रति मीटरला 10⁻¹¹ नं गुणायचं, म्हणजे 5.96×10⁻⁴. तो आकडा पुस्तकातल्या सूत्रात घाला.

ऋतुगंध

०.९२२ सेंटीमीटर!

म्हणजे सूत्र बरोबर, σ चा आकडाही बरोबर, पण सूत्र एका पद्धतीचं आणि σ दुसऱ्या पद्धतीची. दोन σ मधला पट c² चा. आणि σ पुढे मिती लिहिली असती तर पहिल्याच ओळीत कळलं असतं.

तडित्

मग μ₀ = 1 हे मी याच पद्धतीच्या पुस्तकात वाचलं असणार! तिथे curl H बरोबर नुसता 4πJ असतो, c नसतो. म्हणजे c बद्दल मी बरोबर होतो, 4π माझाही सुटला होता.

जुना_मास्तर

होय, या पद्धतीपुरतं तुमचं म्हणणं अर्धं उभं राहतं.

निकष

एकाच कपाटात तीन सीजीएस. माझ्या मताला यापेक्षा मोठा पुरावा नको. निदान लेखकानं पहिल्या पानावर कुठली पद्धत ते लिहायला हवं.

सौरवात

यावर मी निकष यांच्याबरोबर आहे. लेख पाठवताना मी आता पहिल्याच परिच्छेदात लिहितो, "गाउसियन, 4π समीकरणांत ठेवलेला आहे". एका परीक्षकाला ते वाक्य अनावश्यक वाटलं होतं, तरी मी काढलं नाही.

ऋतुगंध

पुस्तक हातात आहे तोवर आणखी दोन गोष्टी विचारते. पुढच्या एका प्रकरणात कणावरचं चुंबकीय बल evB/c असं दिलंय. तिथे c आहे! विद्युतचुंबकीय पद्धतीत तो नको होता ना? आणि शेवटच्या कोष्टकात पाण्याची चुंबकीय ससेप्टिबिलिटी −0.72×10⁻⁶ दिलीये. एसआयमध्ये मी −9.0×10⁻⁶ वाचली होती. दोन्ही बिनमितीच्या राशी, मग आकडे वेगळे कसे?

जुना_मास्तर

दुसरं आधी घेऊ. ९.० भागिले ०.७२ करा, साडेबारा. तुमचा ओळखीचा 4π. ही राशी एसआय आणि सीजीएस दोन्हींत बिनमितीची आहे, तरी एसआयचा आकडा 4π पटींनी मोठा असतो. मितीची तपासणी इथे काहीच सांगू शकत नाही, कारण तपासायला मितीच नाही.

मात्र एक सावधगिरी. जुन्या कोष्टकांत ही राशी कधी घन सेंटीमीटरमागे देतात, कधी ग्रॅममागे. पाण्याची घनता १ असल्यामुळे पाण्याच्या ओळीत दोन्ही आकडे सारखेच दिसतात, त्यावरून काही ठरत नाही. घनतेचा फरक दिसेल असा पदार्थ बघा. बिस्मथ असेल त्यात. त्याची घनता ९.८ आहे. आकडा −13×10⁻⁶ च्या आसपास असेल तर घन सेंटीमीटरमागे, −1.3×10⁻⁶ च्या आसपास असेल तर ग्रॅममागे.

evB/c बद्दल: काही लेखक चार्ज स्थिरविद्युत एककात आणि विद्युतप्रवाह विद्युतचुंबकीय एककात मोजत. तसं असेल तर एकाच पुस्तकात c असलेली आणि नसलेली दोन्ही सूत्रं बरोबर ठरतात. पण या लेखकानं तेच केलंय की ते प्रकरण दुसऱ्या पद्धतीत लिहिलंय, हे पान समोर असल्याशिवाय मी सांगणार नाही. त्या प्रकरणात e चा आकडा कुठे दिलाय का ते शोधा. 4.8×10⁻¹⁰ असेल तर तो स्थिरविद्युत, 1.6×10⁻²⁰ असेल तर विद्युतचुंबकीय.

ऋतुगंध

बिस्मथ सापडलं: −1.35×10⁻⁶. म्हणजे हे कोष्टक ग्रॅममागचं आहे, आणि पाण्याचा आकडा घन सेंटीमीटरमागचा म्हणून मी तसाच प्रोग्राममध्ये घातला होता. पाण्याला फरक पडला नाही, पण याच कोष्टकातून पुढे धातू घेणार होते.

e चा आकडा त्या प्रकरणात कुठेच दिलेला नाही. आधीची प्रकरणं उद्या चाळते आणि सापडलं तर इथेच लिहिते.